इडली-डोशाचं पीठ मिक्सरवर वाटायचं की वेट ग्राइंडर घ्यायचा? सगळा प्रश्न उडदाचा आहे

दर हिवाळ्यात आमच्याकडे हा विषय निघतोच. कोणाच्या तरी इडल्या बसलेल्या असतात, मग कोणीतरी म्हणतं की मिक्सरवर कधी चांगली इडली होतच नाही, कोईम्बतूरचा दगडी ग्राइंडर पाहिजे, आणि दुसरं कोणीतरी म्हणतं की आमच्या आईने आयुष्यभर मिक्सरवरच वाटलं, काही फरक नसतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. फरक असतो आणि चांगलाच असतो, पण तो जवळजवळ पूर्ण उडीद डाळीच्या वाटणात असतो, तांदळात फारसा नाही. हे एकदा लक्षात आलं की ग्राइंडर घ्यायचा की नाही हेही ठरतं आणि मिक्सरवरच वाटायचं असेल तर जोर कुठे लावायचा तेही कळतं.

उडदाचं नेमकं काय होतं

इडली फुगते त्यात तांदळाचं काम भरीव अंग देण्याचं. हवा धरून ठेवायचं काम उडदाचं. उडीद भिजवून वाटला की त्यातला चिकट बुळबुळीत भाग आणि प्रोटीन मिळून एक ताणणारं जाळं तयार होतं, वाटताना शिरलेली हवा आणि नंतर आंबताना तयार होणारा गॅस त्या जाळ्यात अडकून राहतो. जाळं चांगलं झालं तर पीठ सकाळी पातेल्याच्या काठापर्यंत येतं, नाही झालं तर गॅस तयार होतो आणि निघून जातो, मग पीठ आंबट लागतं पण फुगलेलं नसतं. 'आंबलं पण फुगलं नाही' अशी तक्रार असते ना, ती बहुतेक वेळा इथली असते.

आता ग्राइंडरमध्ये दगडाखाली डाळ हळूहळू रगडली जाते, अर्धा तास, आणि ते पीठ सतत वर-खाली होत राहतं म्हणून त्यात हवा मिसळत जाते. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेऱ्या मारतं, ते डाळ रगडत नाही, कापतं. तुकडे फार बारीक होतात, हाताला एकदम मऊ लागतं, पण तो बुळबुळीत भाग हवा तितका सुटून येत नाही आणि हवाही तेवढी शिरत नाही. म्हणून तेवढीच डाळ ग्राइंडरमध्ये ढीगभर फुगते आणि मिक्सरमध्ये वाटीभर गोळा होऊन बसते.

दुसरी गोष्ट गरमपणाची. मिक्सरची मोटर ७५० वॅटची, दोन लिटरच्या टेबलटॉप ग्राइंडरची साधारण १५० वॅटची. मिक्सरची ताकद थोड्याशा घट्ट पिठावर एका जागी पडते, एक-दीड मिनिट सलग चालवलं तर भांड्याचं बूड हाताला स्पष्ट कोमट लागतं, अजून चालवलं तर गरमच. ग्राइंडरमध्ये तेच काम अर्ध्या तासावर पसरलेलं असतं आणि शिवाय मधे जाडजूड दगड आणि उघडा ड्रम, त्यामुळे पीठ फारसं तापत नाही. पीठ तापलं की ते सैल पडतं, हवा धरत नाही, आणि ज्या जीवाणूंनी ते आंबवायचं त्यांना २५ ते ३० अंशांची हवा आवडते, ४५ च्या पुढे गेलात तर त्यांचं काम बिघडतं. म्हणजे मिक्सरवाल्यांची लढाई दोन गोष्टींशी आहे, रगडलं जात नाही आणि तापतं. पहिलीवर पूर्ण उपाय नाही, प्रमाण बदलून भरपाई करता येते. दुसरीवर मात्र पूर्ण उपाय आहे, बर्फ.

वीज जास्त लागते म्हणून ग्राइंडर नको असं म्हणणारे पण भेटतात. १५० वॅट पाऊण तास म्हणजे ०.११ युनिट, ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण ताकदीने आठ-दहा मिनिटं म्हणजे तेवढंच. हा मुद्दा सोडून द्या.

डाळ आणि तांदूळ कुठला

दोन्ही यंत्रांना हे सारखंच लागू. उडीद अख्खा पण साल काढलेला घ्या, दुकानात उडीद गोटा म्हणून मिळतो. फुटकी पांढरी डाळ चालते पण गोटा जास्त फुगतो. डाळ ताजी पाहिजे, डब्यात वर्षभर पडलेली जुनी डाळ ग्राइंडरमध्ये तासभर रगडली तरी फुलत नाही, आणि लोक मशिनला नावं ठेवतात. तांदूळ इडलीसाठी उकडा, इडली राईस म्हणून जो जाडा-बुटका मिळतो तो. कोकणात-गोव्यात घरात उकडा तांदूळ असतोच, पण लाल असेल तर इडल्या तांबूस होतील, चवीला काही वाईट नाहीत. नुसत्या कोलमच्या किंवा रेशनच्या कच्च्या तांदळाची इडली होते पण जरा चिकट, आणि थंड झाली की कडक होते.

भिजवताना दोन्ही वेगळं. डाळीत अर्धा चमचा मेथी घालून ४ तास, त्याहून फार जास्त नको. उकडा तांदूळ ५-६ तास, नखाने दाबल्यावर दाणा सहज तुटला पाहिजे. आणि डाळ भिजवायच्या आधीच धुवायची, तीन-चार पाण्यातून, भिजल्यावर चोळून चोळून धुवायची नाही. त्या भिजवणीच्या पाण्यातलंच थोडं वाटायला वापरतात बरेच जण, मी पण वापरते. उन्हाळ्यात डाळीचं भांडं शेवटचा तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मिक्सरवाल्यांनी तर नक्कीच.

आधी मिक्सरची पद्धत, कारण घरात मिक्सर आहेच

उदाहरण म्हणून चार-पाच माणसांचं घर धरू, सकाळी इडली आणि उरलेल्या पिठाचे दुसऱ्या दिवशी डोसे किंवा उत्तप्पे. उडीद २०० ग्रॅम, उकडा तांदूळ ६०० ग्रॅम, म्हणजे एकास तीन. वजनकाटा नसेल तर एकाच वाटीने मोजा, प्रमाण जवळपास तेच राहतं. यात पस्तीस-चाळीस इडल्यांचं पीठ होतं.

मोठं भांडं घ्यायचं, दीड लिटरचं, ओलं वाटण करायचं जे पातं असतं ते. २०० ग्रॅम डाळ भिजून चारशेच्या वर जाते, ती एकदम घालायची नाही, दोन भाग करायचे. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरलं की वरची डाळ वरच फिरत राहते, खालची तापते आणि मग आपण अजून पाणी घालतो, तिथेच पीठ पातळ होतं.

पहिल्या भागात आधी पाणी जवळजवळ नको, दोन-तीन चमचे फक्त, आणि पल्सवर चार-सहा झटके द्या, डाळ भरड होऊ दे. मग कडेचं उलथण्याने खाली ओढा, तीन बर्फाचे क्यूब आणि थोडं गार पाणी घाला, मध्यम स्पीडवर तीस सेकंद चालवा आणि थांबा. एक मिनिट थांबायचंच, त्यात मोटर पण गार होते आणि तुम्ही भांड्याच्या बुडाला हात लावून बघू शकता. परत तीस सेकंद, परत थांबा, लागेल तसं चमचा-दोन चमचे पाणी. असं चार-पाच वेळा केलं की एक भाग होतो. दोन्ही भागांना मिळून बर्फ धरून २०० ते २५० मिली पाणी लागतं, डाळ जुनी असेल तर कमी पिते.

बर्फ तीनच क्यूब का, तर एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, हे शाळेतलं. तीन क्यूब म्हणजे पन्नासेक ग्रॅम, तेवढ्याने तीनशे ग्रॅमचं पीठ पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतं, म्हणजे दोन-अडीच मिनिटांच्या फिरवण्याने जे तापेल त्याची वजाबाकी साधारण होते. बर्फ जास्त घातला तर जास्त चांगलं असं नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये किचनच १८ अंशांवर असतं, तिथे सहा क्यूब घातले तर पीठ इतकं गार होतं की रात्रभर काहीच होत नाही आणि सकाळी घरच्यांना पोहे मिळतात. थंडीत नुसतं गार पाणी पुरे, मुंबईच्या मे महिन्यात बर्फ हवाच. वाटून झाल्यावर पीठ हाताला ना गार ना कोमट असं लागलं पाहिजे.

डाळ झाली का ते बघायला वाटीभर पाण्यात थेंब टाका. तरंगला तर झालं. बुडला तर दोन कारणं असतात, वाटण कमी झालंय किंवा पाणी जास्त झालंय. चिमटीत घेऊन बघा, कणी लागत असेल तर अजून वाटा, कणी लागत नसेल आणि तरी बुडत असेल तर मिक्सर बंद करा, आता अजून फिरवून फक्त तापेल. त्याऐवजी डाळ परातीत किंवा खोलगट पातेल्यात काढून हाताने एकाच दिशेने फेटा, दहीवड्याची डाळ फेटतो तशी, तीन-चार मिनिटं. रंग पांढरा होतो, हाताला हलकं लागायला लागतं, आणि परत टाकलेला थेंब तरंगतो. मिक्सरवर वाटणारे हे फेटणं सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडतो, हात दुखतो हे खरंय पण.

मिक्सर मधेच बंद पडला तर घाबरू नका, ओव्हरलोडला तो स्वतःच ट्रिप होतो. दहा मिनिटं थांबा, प्लग काढा, खाली उलटं करून बघा, बारीकसं बटण असतं, बहुतेक लाल, ते दाबलं की सुरू. पण दर वेळी ट्रिप होत असेल तर भांडं जास्त भरताय किंवा फार घट्ट वाटताय.

तांदूळ सोपा. तीन भाग करा, प्रत्येक भागाला थोडं साधं पाणी, पल्स देत देत वाटा. इडलीसाठी गुळगुळीत नको, बारीक रव्यासारखी कणी राहू दे. मिक्सरमध्ये अडचण अशी येते की निम्मा तांदूळ पेस्ट होतो आणि निम्म्याचे मोठे तुकडे राहतात, म्हणून सलग न चालवता झटके देऊन मधे मधे ढवळायचं. ६०० ग्रॅमला सगळं मिळून ३०० ते ३५० मिली पाणी. मूठभर जाडे पोहे भिजवून शेवटच्या भागात घातले तर मऊपणा येतो, मूठभरच, जास्त घातले की इडली चिकट.

आणि खरं सांगायचं तर ज्यांना मिक्सरवर फक्त इडलीच करायची आहे त्यांनी तांदूळ वाटायच्या भानगडीत पडूच नये. इडली रवा आणा, उकड्या तांदळाचाच असतो, कणी एकसारखी. एक वाटी उडीद वरच्या पद्धतीने वाटा, दोन वाट्या रवा धुवून अर्धा-पाऊण तास भिजवा, घट्ट पिळून डाळीत मिसळा. वाटायला फक्त डाळ उरते, मिक्सरची सगळी ताकद आणि तुमचं सगळं लक्ष तिथे. उपम्याचा रवा मात्र नाही हं, तो गव्हाचा.

ग्राइंडरची पद्धत

नवा ग्राइंडर आणला की पहिल्या दिवशी लगेच पीठ वाटायचं नाही. दगडाची बारीक पूड निघते. आधी साध्या पाण्याने पाच-दहा मिनिटं चालवा, मग मूठ-दोन मूठ तांदूळ भिजवून पातळ वाटा आणि टाकून द्या, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत हे करा. दात कचकचला तर अजून एकदा.

आता प्रमाण. इथे लोक फसतात. वर्षानुवर्षं मिक्सरवर एकास तीन करत असतात, ग्राइंडर आणतात, प्रमाण तेच ठेवतात, आणि पीठ तर भरभरून येतं पण इडली वाफवल्यावर पसरते, चपटी आणि चिकट होते. कारण तीच डाळ आता जास्त फुगलीये, म्हणजे पिठात उडीद जास्त झाल्यासारखं झालं. ग्राइंडरमध्ये एकास चार, डाळ उत्तम असेल तर एकास पाचसुद्धा चालतं. आपण २०० ग्रॅम उडदाला ८०० ग्रॅम उकडा तांदूळ घेऊ. तेवढ्याच डाळीत आठ-दहा इडल्या जास्त, आणि उडदाचा भाव बघता हे काही कमी नाही.

ड्रममध्ये पाव वाटी गार पाणी घालून आधी ग्राइंडर सुरू करा, मग डाळ मूठ मूठ घाला. सगळी डाळ आधी घालून मग सुरू केलं तर दगड अडतो आणि बेल्टवर ताण येतो. पहिली पाच मिनिटं डाळ नुसती चेंगरत राहते, कडेला चिकटते, ती ओली करून खाली ढकलायची. मग दर तीन-चार मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी शिंपडायचं. एकदम वाटीभर पाणी ओतलं तर डाळ दगडाखालून निसटते, रगडली जात नाही, फक्त पोहते. २०० ग्रॅम डाळ अर्ध्या तासात ३०० ते ३५० मिली पाणी आरामात पिते, मिक्सरच्या मानाने बरंच जास्त, आणि तरी पीठ घट्टच राहतं, यावरूनच कळतं की आत काय वेगळं चाललंय.

पंचवीस ते तीस मिनिटं. घड्याळापेक्षा आवाज ऐका, सुरुवातीला खडखडाट असतो, नंतर घुमल्यासारखा मऊ आवाज येतो. पीठ दगडांवर चढायला लागतं, चकाकतं, बोटाने उचललं तर टोक उभं राहतं. थेंब तरंगतोच. इथे थांबा. अजून फुलेल म्हणून पाऊण तास चालवलं तर तेही शेवटी कोमट होतं आणि फुलण्यात काही भर पडत नाही.

डाळ काढली की ड्रम न धुता तांदूळ घाला, थोडं पाणी, पंधरा मिनिटं, फार तर वीस. इडलीला कणीदार असतानाच काढा. ड्रम धुतलेलं पाणी फेकू नका, तेच पिठात लागेल तसं घाला.

ज्यांच्याकडे ग्राइंडर आहे पण वेळ नाही त्यांच्यासाठी मधला रस्ता, डाळ ग्राइंडरमध्ये लावा आणि ती फिरत असताना शेजारी मिक्सरवर तांदूळ उरकून घ्या. इडली खाऊन कोणी ओळखून दाखवावं. अर्ध्या तासात सगळं होतं.

मिसळणं आणि आंबवणं

डाळ-तांदूळ मोठ्या पातेल्यात हाताने नीट मिसळा, तळाशी तांदूळ बसतो तो वर आणा. पातेलं निम्मंच भरलेलं हवं, ग्राइंडरचं पीठ तर दुप्पट होतं आणि ओट्यावर सांडतं. पीठ डावातून जाड धारेने पडलं पाहिजे, पाण्यासारखं नाही आणि गोळ्यासारखंही नाही. मिक्सरचं पीठ थोडं जास्त घट्ट ठेवा, आंबल्यावर ते ग्राइंडरच्या पिठापेक्षा जास्त सैल होतं. मीठ मी थंडीत सकाळी घालते आणि उन्हाळ्यात रात्रीच, मिठाने आंबण्याचा वेग जरा कमी होतो आणि उन्हाळ्यात तेच हवं असतं.

मुंबईत किंवा कोकणात ३० अंशांना ७-८ तास पुरतात. पुण्या-नाशकाच्या थंडीत १४-१६ तास सुद्धा लागतात, तेव्हा पातेलं बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवा किंवा दुसऱ्या मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घालून त्यात ठेवा. थंडीत तांदूळ वाटताना कोमट पाणी वापरलं तरी सुरुवात लवकर होते. डाळीला मात्र नाही.

आंबलेलं पीठ इडलीसाठी ढवळून ढवळून बसवायचं नाही, कडेने डाव घालून अलगद उचलायचं. हे मिक्सरच्या पिठाला जास्तच लागू, कारण त्याची हवा धरायची ताकद मुळात कमी, एकदा जोरात ढवळलं की गेली. ग्राइंडरचं पीठ थोडा धसमुसळेपणा सहन करतं आणि फ्रिजमध्ये तीन-चार दिवस हलकं राहतं, मिक्सरचं दुसऱ्या दिवसापासून डोशाचंच धरा.

बिघडलं तर कुठे बघायचं

पीठ फुगलंय पण इडली चपटी पसरली असेल तर पीठ पातळ झालंय किंवा उडीद जास्त झालाय, ग्राइंडरवाल्यांनी आधी प्रमाण तपासा, मिक्सरवाल्यांनी आधी पाणी. पीठ आंबट वास मारतंय पण वर आलेलं नाही, तर डाळीचं वाटण कमी पडलंय किंवा डाळ जुनी, थेंब तरंगला होता का ते आठवा. वासही नाही आणि फुगलंही नाही, तर एकतर थंडी, किंवा वाटताना मिक्सर गरम झाला होता. थंडी असेल तर अजून चार-पाच तास उबेत ठेवा, येतं वर. गरम झालेलं असेल तर असंच ठेवून बहुधा काही होत नाही, जुनं आंबलेलं पीठ दोन चमचे असेल तर मिसळून बघा नाहीतर सरळ त्याचे डोसे घाला. इडली दडदडीत, दाताला लागणारी झाली तर उडीद कमी पडलाय, मिक्सरवर एकास चार करून बघणाऱ्यांचं हेच होतं, ग्राइंडरची रेसिपी वाचून मिक्सरवर केलेली असते.

डोशाला ग्राइंडर लागत नाही

हे माझं स्पष्ट मत आहे. डोशाला कुरकुरीतपणा येतो तो तांदूळ बारीक वाटल्याने, पातळ पसरल्याने आणि तवा नीट तापल्याने, आणि बारीक वाटणं मिक्सरला उत्तम जमतं. दोन भाग उकडा, एक भाग साधा तांदूळ, एक भाग उडीद, चमचाभर चणाडाळ, मेथी. सगळं एकत्र भिजवून एकत्र वाटलं तरी चालतं, थोडं थोडं आणि थांबत थांबत एवढंच. ग्राइंडरचा डोसा जरा जाळीदार आणि मऊ अंगाचा होतो, सेट डोशाला तो फरक कळतो. पेपर डोशाला नाही.

त्यामुळे घरात मुख्यतः डोसे, उत्तप्पे, अधूनमधून आप्पे होत असतील तर ग्राइंडरचे पैसे आणि ओट्यावरची जागा वाचवा. आठवड्याला इडली किंवा मेदूवडे होत असतील आणि खाणारी चारच्या वर तोंडं असतील तर घ्या. मेदूवड्याचं तर सांगायलाच नको, घट्ट आणि तरी हलकी डाळ मिक्सरवर काढणं म्हणजे कसरत. दोघांचं घर असेल तर एक अडचण लक्षात घ्या, दोन लिटरच्या ड्रममध्ये १०० ग्रॅमपेक्षा कमी डाळ घातली तर ती कडेला चिकटून बसते आणि दगड नुसते कोरडे फिरतात. अशांनी छोटं मॉडेल बघावं, सव्वा-दीड लिटरचं, किंवा एकदम जास्त वाटून फ्रिजमध्ये ठेवायची तयारी असावी.

घेताना दगड दोन की तीन, शंकूसारखे की गोल, यात फार डोकं घालू नका. ड्रम हाताने सहज निघतो का आणि दगडांसकट तुम्हाला उचलता येतो का ते दुकानात स्वतः उचलून बघा. टेबलटॉप ग्राइंडर सगळा मिळून दहा-बारा किलोचा असतो, वरच्या कपाटात ठेवला तर सहा महिन्यांनी कोणी काढत नाही, ओट्यावर किंवा ओट्याखाली कायमची जागा असेल तरच उपयोग. ड्रम तिरका करून पीठ काढता येतं असं मॉडेल पाठदुखीवाल्यांना बरं. बेल्ट आणि स्क्रॅपर झिजतात, ते आपल्या गावात मिळतात का हे घेण्याआधी विचारा. धुणं वाटतं तेवढं कठीण नाही, पीठ सुकायच्या आत तांब्याभर पाणी घालून दोन मिनिटं फिरवलं की निम्मं काम होतं, मग दगड काढून ब्रशने, आणि पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर वास धरतो.

परदेशातल्या मंडळींसाठी, इंग्लंडला प्लग बदलून इथला ग्राइंडर चालतो कारण व्होल्टेज सारखंच. अमेरिकेत इथला २३० व्होल्टचा नेऊ नका, तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, ग्राइंडरच्या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो इथल्यापेक्षा वेगाने फिरतो, आणि ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि किंमत वेगळीच. तिथे भारतीय दुकानांतून ११० व्होल्टचे मिळतात तेच घ्या. आणि थंड प्रदेशात असाल तर ग्राइंडरच्या आधी आंबवायच्या उबेची सोय करा, कारण पीठ १५ अंशांच्या किचनमध्ये ठेवलं तर कोईम्बतूरचा दगड असो की मिक्सरचं पातं, सकाळी दोन्ही पिठं जिथल्या तिथेच असतात.